जे तोंडावर बोललो नाही, ते फोनवरही नाही

बेटा,

तुझा निरोप वाचला. चाकणच्या कंपनीतून तुझ्या जुन्या कंपनीत हाताखाली असलेल्या त्या क्वालिटी विभागातल्या मुलाच्या रेफरन्ससाठी फोन आला, तू "संध्याकाळी बोलते" म्हणून ठेवून दिलास, आणि आता मला विचारतेस की खरं सांगू की पोराची नोकरी होऊ देऊ. फोन ठेवलास ते बरं केलंस. पण प्रश्न काहून असा मांडतेस, जणू दोन्हीतलं एकच होऊ शकतं?

तू लिहितेस, लाइनवर दोष शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण रिपोर्ट एकही वेळेवर यायचा नाही. बरं. हे तू त्याला कधी सांगितलंस? अप्रेझलमध्ये तर सगळीकडे "उत्तम" भरलंस, हे तूच लिहिलंयस. त्याच्यासमोर बसून जे बोलवलं नाही, ते पुण्याकडच्या अनोळखी माणसाला सांगणार? माझा या बाबतीत एकच हट्ट आहे: जे त्याच्या तोंडावर बोललो नाही, ते फोनवर बोलायचं नाही. "मग गप्प बसू?" असं विचारशील. नाही. आधी त्याला सांग, मग त्यांना.

म्हणून पहिला फोन चाकणला नाही, त्याला. तुझं नाव त्यानंच दिलंय का, एवढं आधी विचार. तू आता हिंगण्याला आहेस, पण तो अजून बुटीबोरीच्या त्याच कंपनीत आहे, आणि तो नोकरी शोधतोय हे तिथे कुणाला ठाऊक नसणार. कधी कधी कंपन्या उमेदवाराला न विचारता ओळखी काढून फोन करतात. त्यानं नाव दिलं नसेल, तर समोरच्याला एकच वाक्य: "त्यांच्याकडून कळल्याशिवाय मी बोलणार नाही." आणि खात्री करायला बुटीबोरीतल्या जुन्या मित्राला फोन करू नकोस. आपल्याकडे असली बातमी चहा येईपर्यंत साहेबाच्या टेबलावर पोचते. चाकणच्या माणसालाही आलेल्या नंबरवर नाही, कंपनीच्या ऑफिसच्या नंबरवरून जोडून घे. रेफरन्सच्या नावाखाली पगाराची माहिती काढणारे असतात.

त्यानं हो म्हटलं, की रिपोर्टचा विषय काढ. "मला विचारलं तर मी सांगणार आहे की रिपोर्ट उशिरा यायचे. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं." त्याला राग येईल, येऊ दे. तो म्हणेल, मग दुसऱ्याचं नाव देतो. तो त्याचा हक्क आहे, आणि हा हक्क त्याला फोनच्या आधी मिळाला पाहिजे, नोकरी हुकल्यावर नाही.

आता चाकणचा फोन. तू उत्तर देण्याआधी तूच विचार: काम काय आहे? यावर सगळं अवलंबून आहे. पुरवठादारांकडे जाऊन माल तपासायचा, दोषाच्या मुळाशी जायचं, असं काम असेल तर हा पोरगा सोनं आहे. पण ग्राहकाची तक्रार आली की 24 तासांत तात्पुरता उपाय लेखी कळवायचा आणि त्यामागे पूर्ण रिपोर्ट लावायचा, असं टेबल एकट्यानं सांभाळायचं असेल, तर त्याचा उशीर तिथे रोज बोचेल. दोष एकच, एका जागी किरकोळ, दुसऱ्या जागी मोठा. जागा विचारल्याशिवाय दोष सांगणं म्हणजे रोगी न बघता औषध देणं.

आणि कृपा करून "चांगला मुलगा आहे, मेहनती आहे" एवढ्यावर थांबू नकोस. ज्यानं चार माणसं नेमली आहेत तो यातून बरोब्बर उलटं ऐकतो: हिला सांगण्यासारखं काही सापडत नाही. अडखळलीस, "तसा... ठीक होता" म्हणालीस, तरी तेच. पोराचं नुकसान करायला वाईट बोलावं लागत नाही, मोघम बोललं तरी पुरतं. म्हणून पाहिलेलं सांग. तू मला एकदा सांगितलं होतंस ना, प्रेसमधून निघणाऱ्या पट्टीला तडे जात होते, सगळे डायला दोष देत होते, आणि यानं खराब माल जमिनीवर मांडून दाखवलं की तो सगळा एकाच कॉइलचा आहे? हेच सांग, असंच. मग म्हण: "रिपोर्ट लिहायला उशीर करायचा. मी मागे लागले की द्यायचा, आणि दिलेला रिपोर्ट पक्का असायचा. त्याच्यावर कुणी तारखेचा पाठपुरावा करणारं असेल तर अडचण येणार नाही." ऐकणाऱ्याला यातून माणूस दिसतो, आणि त्याला कसं सांभाळायचं तेही कळतं.

"परत घ्याल का?" हे ते विचारतीलच. तोंडी विचारलं तर सरळ बोल: "लाइनवरच्या कामाला उद्या घेईन, एकट्यानं कागद सांभाळायला नाही." पण पडताळणीवाल्या एजन्सीचा फॉर्म आला आणि त्यात नुसता हो-नाहीचा चौकोन असेल, तर तिथे घाई नको. पद, कामाचा काळ, पगार, सोडण्याचं कारण हे जुन्या कंपनीच्या एचआरनं सांगायचं असतं, तिकडे पाठव. चौकोनात "नाही" लिहिलं की पुढचं वाक्य कुणी वाचत नाही.

त्याच्या सुट्यांबद्दल विचारलं तर? आईचं आजारपण तुला माहीत आहे, पण ते तुझं नाही, त्याचं आहे. "ते त्यांनाच विचारा," बस. ऐकीव गोष्टीला तर हातच लावू नकोस. बदनामीचा कायदा, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 356, दुसऱ्याच्या हितासाठी सद्भावनेनं सांगितलेल्याला अपवाद देतो, पण पुरेशी काळजी न घेता केलेलं काही कायदा सद्भावना मानत नाही. कँटीनमधलं ऐकून बोललीस तर काळजी कुठली घेतलीस?

माझ्याबद्दल तुला कुणीतरी सांगितलं असेलच, की मी एका जुन्या सहकाऱ्याची नोकरी घालवली. त्यानं मला नाव देऊ का विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "देऊ नकोस. स्टॉकचे आकडे तू दोनदा फिरवलेस, मी तेव्हा लेखी दिलंय, आजही तेच सांगेन." त्यानं तरी दिलं. विचारलं, मी सांगितलं. तो लग्नकार्यात भेटला तरी तोंड फिरवतो. फिरवू दे! जे त्याला बोललो तेच त्यांना बोललो, एक शब्द जास्त नाही. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण मी चुकलो असं अजून कुणी मला पटवून दिलेलं नाही, आणि त्याच्या बायकोनं दोनदा प्रयत्न केलाय.

तुझं प्रकरण याच्या पासंगालाही पुरत नाही. उशिरा लिहिणारा पोरगा आहे, चोर नाही. तरी तू उंबरठ्यावरच उभी! बुटीबोरीची पहिली पाळी तीनला सुटते. बसमध्ये चढण्याआधी त्याला गाठ, बसमध्ये बाजूला ऑफिसचीच माणसं असतात. चाकणशी बोलणं झालं की काय विचारलं आणि तू काय सांगितलंस ते त्याला त्याच संध्याकाळी कळव. उशिराबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही, तर तेही कळव.

तुझा,
काका