सत्तेचाळीस फोटो आणि वर्गातले सात

पत्र: सर, मी इंदूरलाच बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. भंवरकुआँच्या एका एमपीपीएससी कोचिंगमध्ये प्रवेशाच्या मोसमापुरतं प्रचाराचं काम मिळालंय. पगार थोडा आणि प्रत्येक प्रवेशामागे कमिशन. फ्लेक्सवर ‘कुल चयन 47’ लिहायचंय. फाइल पाहिली तर 7 जण वर्गातले, 9 टेस्ट सिरीजचे आणि 31 फक्त मोफत मॉक इंटरव्ह्यूला आलेले. वर्गाची बॅच 140 ची होती. संचालक म्हणतात, सगळेच असं करतात. आई म्हणते, सोडून दे. यादी जोडली आहे. काय करू?

उत्तर: आधी तुझी यादी. मॉक इंटरव्ह्यूच्या 31 नावांतली 3 टेस्ट सिरीजच्या यादीतही आहेत, रोल नंबरसकट. म्हणजे माणसं 47 नाहीत, 44 आहेत. हे संचालकांना आधी सांग. बेरजेतली चूक दाखवली म्हणून कोणी चिडत नाही, आणि पुढचं बोलायला वाट होते.

आता मॉक इंटरव्ह्यूचं बघ. तिथे येणारा मुलगा प्रीलिम्स आणि मेन्स पार करूनच आलेला असतो. तो चार ठिकाणी मोफत मॉक देतो आणि निकालानंतर चारही फ्लेक्सवर झळकतो. खोटं कोणीच बोललेलं नसतं, तरी देवासहून आलेले वडील तो फोटो बघून वर्षभराच्या वर्गाची फी भरतात. त्यांना वाटतं, हा मुलगा याच बाकावर बसून शिकला. फसवणूक होते ती इथे.

नेमकी हीच गोष्ट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 च्या कोचिंग जाहिरातींच्या मार्गदर्शक तत्त्वांत धरली आहे. यशस्वी उमेदवाराचा फोटो लावायचा तर त्याचा रँक, त्याने घेतलेला कोर्स, त्याची मुदत आणि फी भरली होती की नाही, हे सोबत द्यावं लागतं. खुलासा दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत हवा. फोटोसाठी लेखी संमती निवड झाल्यानंतर घ्यायची. प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर आधीच घेतलेली सही चालत नाही. ‘फक्त 5 जागा शिल्लक’ अशी खोटी घाईही बसत नाही. ही तत्त्वं 50 पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या कोचिंगला लागू आहेत, त्यामुळे ‘आम्ही लहान’ हे तुमच्या संचालकांना म्हणता येणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बहुतेक संचालकांना ‘नैतिकता’ या शब्दापेक्षा हा आकडा लवकर समजतो.

ते विचारतील, मग 140 पैकी 7 छापू? वीसात एक? कोण येईल? प्रश्न खरा आहे, उडवून लावू नकोस. पण या परीक्षेत अंतिम निवड हा वर्गाचं काम मोजायचा एकमेव आकडा नाही. त्या 140 पैकी प्रीलिम्स किती जणांनी पार केली, मेन्स किती जणांनी, हे फोन करून गोळा कर. दोन-तीन दिवसांचं काम आहे. हा आकडा 7 पेक्षा मोठा निघेल, आणि तो तुमच्या वर्गाचाच असेल. मात्र खाली 140 च ठेव. मधेच सोडून गेलेले वगळून 90 वर टक्केवारी काढायचा मोह होतो. पालकांनी फी भरली तेव्हा त्यांचा मुलगाही त्या 140 मध्येच होता.

फ्लेक्स हिंदीतच छापाल, तर मजकूर असा सुचव: ‘नियमित कक्षा: 140 में से 7 अंतिम चयन’. त्याखाली प्रीलिम्स-मेन्सचे आकडे. मॉक आणि टेस्ट सिरीजवाल्यांचे फोटो वेगळ्या पट्टीत, प्रत्येकाखाली रँक, मुदत आणि फी भरली की नाही हे, आणि सोबत ‘केवल निःशुल्क मॉक इंटरव्यू’ किंवा ‘केवल टेस्ट सीरीज़’. ज्या तिघांनी दोन्ही घेतलं, त्यांच्याखाली दोन्ही लिही. आणि फी परतीची अट पत्रकावर छापायला सांग. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या सूचनांत मधेच सोडणाऱ्याला उरलेल्या मुदतीची फी 10 दिवसांत परत द्यावी असं आहे. काउंटरवर बसलास की कळेल, आई-वडील निवडीचे आकडे एकदा विचारतात, ‘नाही जमलं तर पैसे?’ हे तीनदा.

कमिशनचं मात्र मला पटलेलं नाही. प्रत्येक प्रवेशामागे पैसे मिळाले की संध्याकाळी साडेसातला, लक्ष्य दोनने कमी असताना, तूही ‘जागा संपतायत’ म्हणशील. मीही म्हटलं असतं. ठरावीक पगार माग, थोडा कमी मिळाला तरी.

आईला सांग, आज सोडायची गरज नाही. तुझा मजकूर संचालकांना ईमेलने पाठव, तोंडी नको. त्यांनी तो बदलून 47 च छापलं, तर निदान तुझ्याकडे काय लिहून दिलं होतं ते राहील, आणि तेव्हा काम सोड. मान्य केलं, तर मोसम संपताना अनुभवपत्रात ‘निकालाच्या आकड्यांची पडताळणी’ हे शब्द घालून घे.