ऑटो-रिप्लायमध्ये ‘११ पर्यंत रजेवर’ लिहिलं तर माणूस नक्की कधी येणार?

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचला आहे. ७ ते ११ डिसेंबर रजा टाकलीय, १२ ला दुसरा शनिवार म्हणून ऑफिस बंद. मेलला मराठीत ऑटो-रिप्लाय ठेवायचाय. ‘मी ११ डिसेंबरपर्यंत ऑफिसबाहेर आहे, माझ्या गैरहजेरीत अमुक यांच्याशी संपर्क साधावा’ हे चालेल का?

व्याकरण म्हणून चुकीचं काहीच नाही, पण वाचणाऱ्याला त्यातून तुम्ही कधी भेटणार ते कळत नाही.

आधी ‘पर्यंत’. हा शब्द शेवटचा दिवस धरतो का सोडतो हे आपण बोलताना संदर्भावरून ठरवतो. ‘११ तारखेपर्यंत फॉर्म भरा’ म्हटलं की ११ ला भरलेला फॉर्म चालतो, त्यात कुणाला शंका येत नाही. पण ‘दुकान सोमवारपर्यंत बंद’ अशी पाटी दिसली तर अर्धे लोक सोमवारी जाऊन बघतात, अर्धे मंगळवारी जातात. तुमच्या वाक्यात ११ हा रजेचा शेवटचा दिवस आहे, पण एखादा पार्टीवाला ११ ला दुपारी तुम्हाला फोन लावणार, दुसरा १२ ला लावणार, आणि शनिवारी ऑफिस बंद असतं हे बाहेरगावच्या माणसाला कसं कळणार? त्याच्याकडे कदाचित शनिवारी सगळं चालू असेल.

सरकारी रजेचे अर्ज-आदेश वाचले असतील तर तिथं हे फार नीट सोडवलेलं आहे. ‘दि. ७ ते दि. ११ (दोन्ही दिवस धरून)’ असं लिहितात, मागेपुढे सुट्टी आली तर ‘सुट्टी जोडून’ म्हणतात, आणि परत येण्याला वेगळं क्रियापद आहे, ‘रुजू होणे’. रुजू झाल्याच्या रिपोर्टात तारखेपुढे म.पू. किंवा म.नं. सुद्धा घालतात, म्हणजे दुपारच्या आधी की नंतर. आपल्याला एवढं औपचारिक व्हायचं नाही, पण ‘रुजू’ हा शब्द जरूर उचला. ‘परत येईन’ यात गोंधळ आहे, कारण १३ ला रात्री मिरज स्टेशनला उतरलात तरी तुम्ही परत आलातच की, पण टेबलावर १४ लाच असणार. ‘कामावर रुजू होईन’ म्हटलं की दुसरा अर्थच निघत नाही. हा शब्द जड वाटला तर ‘सोमवारी १४ ला कामावर येईन’ म्हणा, तेही तितकंच पक्कं आहे.

मग ‘येत्या सोमवारी’, ‘पुढच्या आठवड्यात’, ‘चार दिवसांनी’, ‘परवापासून’ हे सगळे शब्द इथं टाळाच. समोरासमोर बोलताना ते चालतात कारण बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा ‘आज’ एकच असतो. ऑटो-रिप्लायचं तसं नाही, तो तुम्ही लिहिता ६ ला, एकाला पोचतो ७ ला, दुसऱ्याला रविवारी १३ ला, आणि मजकूर तोच. १३ ला ‘चार दिवसांनी येईन’ वाचणारा १७ धरून बसेल. म्हणून वार, तारीख, महिना तिन्ही लिहा. महिना अक्षरात लिहा हेही महत्त्वाचं, कारण नुसतं ७/१२ लिहिलं तर परदेशी ग्राहक, विशेषतः अमेरिकेतला, ते १२ जुलै वाचू शकतो. (आणि आपल्याकडं ७/१२ म्हटलं की आधी उताराच आठवतो.)

‘ऑफिसबाहेर आहे’ हे मला पटत नाही. मराठीत त्याचा अर्थ होतो की माणूस आत्ता जागेवर नाही, चहाला किंवा बँकेत गेलाय, तासाभरात येईल. सरळ ‘रजेवर आहे’ म्हणा. कामासाठीच फिरतीवर असाल तर ‘दौऱ्यावर आहे’. ‘गैरहजेरी’ पण नको, मस्टरवर न सांगता दांडी मारलेल्याची गैरहजेरी लागते, तो वास त्या शब्दाला आहे. ‘अनुपस्थितीत’ चालेल, पण ‘या काळात’ एवढं म्हटलं तरी भागतं.

आता ‘अमुक यांच्याशी संपर्क साधावा’. एकच नाव दिलं की सगळं त्याच्या अंगावर येतं, आणि पेमेंटबद्दल विचारणाऱ्याला तो परत अकाउंट्सकडेच पाठवणार. म्हणून कामाचं नाव आधी, माणसाचं नंतर. ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय इथं फार उपयोगी पडतं. तुमच्यासाठी मी असं लिहिलं असतं :

विषय : रजेवर आहे, सोमवार १४ डिसेंबरला कामावर

नमस्कार,
मी सोमवार ७ ते शुक्रवार ११ डिसेंबर २०२६ (दोन्ही दिवस धरून) रजेवर आहे. १२ व १३ ला ऑफिस बंद आहे. सोमवार १४ डिसेंबरला सकाळी कामावर रुजू होईन.
गाडी, एलआर आणि ई-वे बिलासाठी : (नाव), डिस्पॅच, (ऑफिसचा फोन, मेल)
बिल आणि पेमेंटसाठी : (नाव), अकाउंट्स, (ऑफिसचा फोन, मेल)
बाकीच्या मेलना १४ पासून उत्तर देईन.

रुजू होण्याची तारीख विषयातच घातलीय, कारण मोबाईलवर नोटिफिकेशनमध्ये विषय आणि पहिली ओळच दिसते. ज्यांची नावं देणार त्यांना आधी विचारा आणि ते स्वतः त्या आठवड्यात रजेवर नाहीत ना तेही बघा, नाहीतर तुमचा रिप्लाय त्यांच्याकडे पाठवतो आणि त्यांचा रिप्लाय तुमच्याकडे. सहकाऱ्याचा खासगी मोबाईल नंबर त्याच्या परवानगीशिवाय देऊ नका, हा रिप्लाय ओळखी-अनोळखी कुणालाही जातो.

शेवटी तोच ‘पर्यंत’ सेटिंगमध्येही येतो. जीमेलमध्ये Vacation responder ला First day आणि Last day असतात, आणि Last day चा पूर्ण दिवस त्यात धरतात, रात्री ११:५९ पर्यंत. लोक तिथं रजेचा शेवटचा दिवस घालतात. तुम्ही ११ घातलात तर शनिवार-रविवारच्या मेलला काहीच उत्तर जाणार नाही, म्हणून १३ घाला. १४ घातलात तर तुम्ही टेबलावर बसलेले असताना ‘रजेवर आहे’ जात राहील. आउटलुकमध्ये Automatic Replies ला तारखेबरोबर वेळही द्यावी लागते, तिथं शेवट १४ ची सकाळ, ऑफिस सुरू व्हायची वेळ ठेवा. कंपनीचं एक्स्चेंज असेल तर तिथं आतल्या आणि बाहेरच्या लोकांसाठी मजकुराचे दोन वेगळे खाने असतात, बाहेरचा खाना रिकामा राहिला की पार्टीला काहीच कळत नाही.

आणि रजा वाढवावी लागली तर नुसता Last day पुढं ढकलून थांबू नका, मजकुरातली तारीखही बदला. जीमेल एकाच माणसाला साधारण चार दिवसांतून एकदाच हा रिप्लाय पाठवतं, पण मजकूर बदलला की मोजणी नव्यानं सुरू होते, त्यामुळे आधी १४ वाचलेल्या माणसानं पुन्हा मेल केला तर त्याला नवी तारीख लगेच मिळते. तोवर ज्यानं मेलच केला नाही त्याला मात्र जुनीच तारीख माहीत असणार, अशा दोन-तीन महत्त्वाच्या पार्ट्यांना स्वतः एक ओळ कळवून टाका.