कामं जास्त, तास कमी: मॅनेजरला तारखा बदलून मागायचा मेल

प्रश्न: "एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सोबतची मुलगी सोडून गेली, तिची कामं माझ्याकडे आली. जीएसटी, पीएफ, एमआयएस, ऑडिटरला द्यायचं अॅसेट रजिस्टर, व्हेंडर कन्फर्मेशन, सगळं 20 जुलैच्या आत पाहिजे म्हणतात. रोज रात्री नऊ वाजतात. सरांना तारखा पुढे ढकलायला मेल टाकायचाय पण रडगाणं वाटू नये. काय लिहू?"

हे वाचलं आणि माझा आधीच्या कंपनीतला जुलै डोळ्यासमोर आला, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

"खूप लोड आहे सर" हे वाक्य मेलमध्ये घालूच नका. लोड प्रत्येकालाच असतो, त्यावर सरांना निर्णय घेता येत नाही. तुमच्या यादीत दोन जातीच्या तारखा एकत्र झाल्यात, त्या आधी वेगळ्या करा. जीएसटीआर-1 ची 11, पीएफ-ईएसआयसीची 15, 3बी ची 20, या सरकारी तारखा, सरांच्याही हातात नाहीत. 3बी चुकलं तर दिवसाला 50 रुपये लेट फी आणि भरायच्या रकमेवर 18 टक्क्यांनी व्याज. उलट एमआयएस, अॅसेट रजिस्टर, कन्फर्मेशन यांच्या तारखा ऑफिसातल्याच कोणीतरी ठरवल्यात, म्हणजे कोणीतरी बदलूही शकतं. मेल फक्त या तिघांबद्दल लिहायचा. (या तारखा दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांच्या, तिमाहीवाल्यांचं वेगळं असतं, आणि कधीकधी मुदतवाढ येते, पोर्टल बघून घ्या.)

आता तास. इथेच बहुतेक जण ढोबळ लिहितात आणि मग सर म्हणतात "अहो होईल की". समजा आज गुरुवार, 9 तारीख. दुसरा शनिवार 11 ला सुट्टी, दोन रविवार गेले, 20 पर्यंत हातात 9 दिवस. ऑफिस नऊ तासांचं असलं तरी जेवण, फोन, "जरा हे बघ ना" काढून खरं काम सहा तासच होतं, म्हणजे 54 तास. त्यातला रोजचा एक तास बँक एंट्री आणि पेमेंटला जातोच, राहिले 45. जीएसटीआर-1 ला 8, पीएफ-ईएसआयसीला 6, 3बी आणि त्याच्या मॅचिंगला 16, एमआयएसला 14, रजिस्टरला 18, कन्फर्मेशनला 16 धरा. बेरीज 78. तुमचे आकडे वेगळे असतील, मागच्या महिन्यात खरंच किती वेळ गेला ते आठवून घाला, फुगवू नका, कारण सर एखाद्या कामाचं नेमकं विचारतातच.

अजून एक अडचण बेरजेत दिसत नाही. 2बी पोर्टलवर 14 ला येतं, त्याच्या आधी पर्चेस मॅचिंगला बसताच येत नाही, म्हणजे ते 16 तास 14 च्या पुढेच पडणार. आणि 20 च्या संध्याकाळी पोर्टल कसं रांगतं ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे 3बी 17 पर्यंत हातावेगळं झालं पाहिजे. मग सरांनी एमआयएस 15 ला मागितलं असेल तर ते होतच नाही, कितीही उशिरापर्यंत बसलात तरी. हे मेलमध्ये एका ओळीत लिहाच, सर जर अकाउंट्समधूनच वर आलेले असतील तर त्यांना हे लगेच पटतं.

मी साधारण असा लिहिला असता:

"विषय: 20 जुलैपर्यंतची कामं, तीन तारखांवर निर्णय हवा (उद्या दुपारपर्यंत)

सर,
20 पर्यंत रोजची कामं सोडून 45 तास आहेत, कामं 78 तासांची आहेत.
जीएसटीआर-1, पीएफ-ईएसआयसी आणि 3बी ठरल्या तारखेच्या आत होतील, त्यात बदल नाही. 2बी 14 ला येत असल्याने 14 ते 17 मी त्यातच असेन.
बाकीच्यांसाठी:
एमआयएस: 15 ला विक्री आणि बँक शिल्लक हे पहिलं पान देते, पूर्ण 20 ला.
अॅसेट रजिस्टर: 18 ऐवजी 24.
व्हेंडर कन्फर्मेशन: पत्रं पर्चेसमधून याच आठवड्यात गेली तर जुळवणी 31 पर्यंत देते.
यातलं एखादं आधीच हवं असेल तर त्याऐवजी कोणतं मागे ठेवू ते सांगा. सोबत तासांचा तक्ता जोडला आहे."

बस. सोडून गेलेल्या मुलीचा उल्लेख नको, तब्येत नको, रात्रीचे नऊ पण नकोत. ते खरं आहे, पण ते लिहिलं की चर्चा तुमच्यावर येते आणि तारखा बाजूला पडतात. एमआयएसचं पहिलं पान मात्र नक्की द्या, सरांना वर मीटिंगमध्ये तेवढंच लागतं बऱ्याचदा, म्हणून ते 20 ला पटकन हो म्हणतात. पत्रं आत्ताच जाऊ द्या कारण व्हेंडर उत्तर द्यायला दोन आठवडे घेतात, तो वेळ तुमच्या तासांतून जात नाही. आणि नवीन तारीख मागताना तिथे काय बसलंय ते बघा, 31 ला पहिल्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न आहे, त्याला उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. त्याचे तास आधी बाजूला काढा, मगच कन्फर्मेशनची 31 मागा.

आता एचआर. (हे माझं मत आहे, तुमच्याकडचे चांगले असतील तर आनंदच आहे.) माझ्या त्या कंपनीत सरांनी तासांचा तक्ता बघून माणूस मागितला होता, रीतसर. एचआरने सांगितलं की टाइमशीटमध्ये तर ओव्हरलोड दिसत नाहीये. दिसणार कसा, त्यांच्या सिस्टिममध्ये दिवसाला नऊच्या वर तास टाकताच येत नव्हते! नऊच्या वर टाकलं की एंट्री लाल होऊन परत यायची. आम्ही दोघींनी स्क्रीनशॉट पाठवले, त्यावर उत्तर आलं की पॉलिसीप्रमाणे भरा, आणि टाइम मॅनेजमेंटच्या सेशनचं निमंत्रण आलं, तेही 19 तारखेला, 3बी च्या आदल्या दिवशी. माणूस मिळाला नाही, ऑडिटरने उशिराबद्दल शेरा मारला, आणि अप्रेझलमध्ये तो शेरा माझ्या नावावर आला. पगारवाढ गेली ती गेलीच. अजून राग येतो मला त्याचा, कारण आकडे मांडले होते आणि ते मोजायचं मशीनच नऊवर थांबवलेलं होतं.

म्हणून तुमच्या टाइमशीटला मर्यादा आहे का ते आजच बघा. असेल तर खरे तास तुमच्या साध्या एक्सेलमध्ये ठेवा आणि तोच तक्ता मेलला जोडा, म्हणजे तारखेसकट मेलवर राहतो. एचआरला सीसी मात्र करू नका पहिल्या मेलमध्ये, सरांना वाटतं तक्रार केली, आणि जो माणूस तारखा हलवू शकतो तोच आखडतो.

सीए फर्ममध्ये असाल तर हे सगळं जसंच्या तसं लागू नाही, तिथे क्लायंट ठरवतो. पगार-पीएफचा डेटा एचआरकडून उशिरा येत असेल तर तो वेगळा विषय, तो या मेलमध्ये घुसवू नका.

आणि बरेच सर मेलला उत्तर देत नाहीत, केबिनमध्ये बोलावून "बघू, कर तू" म्हणतात. तेव्हा विचारायचं, "सर, मग रजिस्टर 24 धरू ना?" हो म्हणाले की जागेवर येऊन त्याच मेलवर एक ओळ टाका: "बोलल्याप्रमाणे एमआयएस 20, रजिस्टर 24, कन्फर्मेशन 31." नाही म्हणाले तर कुठलं काम मागे ठेवायचं ते त्यांच्याच तोंडून घ्या आणि तेही तसंच लिहा. ऑडिटरलाही नवीन तारीख त्यांनाच कळवायला सांगा, तुम्ही परस्पर फोन करू नका.