आकडा दोनदा बदलला, आता कशावर विश्वास ठेवू?

“माझ्या नवऱ्याने दोन वर्षं कर्ज लपवलं. वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा मला कळलं. आधी दोन लाख म्हणाले, आठवड्याने साडेतीन. त्यातले 1,80,000 एका क्रेडिट कार्डाचे आहेत. आता ‘एवढंच आहे, शपथ घेतो’ म्हणतात. सासूबाई म्हणतात, तुझ्या बांगड्या मोडून विषय मिटवा. मला संसार मोडायचा नाही, पण त्यांच्या शब्दावर विश्वासही बसत नाही. काय करू?”
— एक वाचक, रामबाग, इंदूर

ताई, बांगड्या आत्ता मोडू नका. खरा आकडा कळण्याआधी पैसे भरले, तर कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी होते आणि न सांगितलेलं कर्ज तसंच राहतं. सहा महिन्यांनी तोच फोन पुन्हा येतो, तेव्हा हातात सोनंही नसतं.

लाजेपोटी लपवणारा माणूस बहुधा समोरच्याला झेपेल तेवढाच आकडा सांगतो. म्हणून आकडा हप्त्याहप्त्याने बाहेर येतो, आणि पहिल्या खोट्यापेक्षा ही दुसरी-तिसरी दुरुस्तीच जास्त लागते. तेव्हा आता शपथ मागू नका, कागद मागा. त्यांना आठ दिवसांची मुदत द्या. त्या मुदतीत जे सांगतील त्यावर आरडाओरडा करणार नाही, पण त्यानंतर नवीन काही निघालं तर ती नवी फसवणूक धरीन, हे स्पष्ट सांगा. आणि स्वतःही तो शब्द पाळा, नाहीतर पुढचं खरं बाहेर येणार नाही.

कागदांत सगळ्यात आधी क्रेडिट रिपोर्ट. आपल्याकडे सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार संस्था आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तो त्यांच्या मोबाइलवरून, तुम्ही शेजारी बसून काढा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. त्यात बँका आणि फायनान्स कंपन्यांची कर्जं, कार्डं, थकलेले हप्ते दिसतात. ‘एन्क्वायरी’चा भाग नक्की वाचा, कारण कर्जासाठी कुठे कुठे अर्ज केला ते तिथे कळतं. तुमचा स्वतःचा रिपोर्टही काढा. त्यांच्या एकट्याच्या नावावरचं कर्ज केवळ पत्नी म्हणून तुमच्यावर येत नाही, पण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल तर येतं.

रिपोर्टमध्ये न दिसणारंही बरंच असतं. मित्रांकडची उसनवारी, उचललेली बीसी, सराफ्यात गहाण ठेवलेला दागिना, ऑफिसमधून घेतलेली उचल. त्यासाठी सगळ्या खात्यांची दोन वर्षांची स्टेटमेंट घ्या, पीएफचं पासबुक बघा आणि विमा पॉलिसीवर कर्ज आहे का ते विचारा. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला त्याच नावाने जाणारी रक्कम शोधा. पैसे गेले कुठे, हेही तिथेच कळेल. शेअर ब्रोकरकडे किंवा गेमिंगकडे जात असतील, तर त्यावर वेगळा इलाज, समुपदेशनासह, हवा. त्याशिवाय नुसतं फेडून ते थांबत नाही.

यादी पूर्ण झाली की फेडायला कार्डापासून सुरुवात करा. महिना 3.5 टक्के दर धरला तर 1,80,000 वर 6,300 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 1,134. किमान रक्कम 5 टक्के असेल तर 9,000 भरूनही मुद्दल जेमतेम 1,566 ने कमी होतं. त्यांना वाटत असेल, मी तर दर महिन्याला भरत होतो. त्यांना हा हिशोब शांतपणे दाखवा. बँकेकडून ही रक्कम कमी व्याजाच्या हप्त्यांत करून मिळते का ते विचारा. सोनं वापरायचंच ठरलं तर तो तुमचा निर्णय असू द्या, सासूबाईंचा नाही. आणि मोडण्याआधी बँकेच्या सोनेतारण कर्जाचा दर तपासा. बाकी फिटल्यावर कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. बँकेने ते सात कामकाजी दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला बँकेने कार्डधारकाला 500 रुपये द्यायचे असतात.

आता विश्वासाचं. रोज त्यांचा फोन चाळू नका. त्याने तुम्ही थकाल आणि ते लपवायला शिकतील. त्याऐवजी पगारानंतरचा एक ठरलेला रविवार, अर्धा तास, दोघांसमोर स्टेटमेंट. पाच हजारांवरचा खर्च किंवा उसनवारी आधी सांगायची, हा नियम दोघांनाही. आणि पहिल्यांदा एकाच संस्थेचा रिपोर्ट काढा, बाकीचे तीन दर तीन महिन्यांनी एकेक. कर्ज देणाऱ्या संस्था चौघींकडेही माहिती देतात, त्यामुळे वर्षभर फुकटात पडताळणी होते.

ते स्वतःहून कागद काढून बसू लागले, वाईट बातमी तुमच्या विचारण्याआधी सांगू लागले, तर चांगलं चाललंय. रविवार टळू लागला, स्टेटमेंट ‘उद्या दाखवतो’वर गेलं किंवा न सांगितलेली एन्क्वायरी दिसली, तर त्याच महिन्यात तुमचा पगार आणि बचत फक्त तुमच्या नावाच्या खात्यात वळवा, घरखर्चाचा वाटा ठरवून द्या आणि कुठल्याही नव्या कागदावर सही करू नका.