x² sin(1/x): शून्यावर डेरिव्हेटिव्ह आहे, पण तिथे तो कंटिन्युअस का नाही?

प्रश्न: f(x) = x² sin(1/x) आणि f(0) = 0 असं फंक्शन आहे. डेफिनिशनने f′(0) = 0 येतो. पण सूत्राने f′(x) काढून x शून्याकडे नेला तर लिमिटच मिळत नाही. मग शून्यावर डेरिव्हेटिव्ह आहे की नाही? सर म्हणतात आहे, पण तो कंटिन्युअस नाही. हे कसं काय?

उत्तर:

सर बरोबर सांगताहेत, आणि तुमची दोन्ही गणितंही बरोबर आहेत. फक्त ती दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

f′(0) म्हणजे (f(h) − f(0))/h याची लिमिट. इथे हे गुणोत्तर h sin(1/h) होतं. साइन कितीही वेगाने वरखाली झाला तरी −1 ते 1 च्या बाहेर जात नाही, त्यामुळे गुणोत्तर −|h| आणि |h| यांच्यामध्ये अडकलेलं राहतं आणि h बरोबर शून्यावर येतं. म्हणून f′(0) = 0. या हिशोबात शून्याजवळच्या स्पर्शिकांचा कुठेच संबंध आला नाही, हे लक्षात घ्या. आपण फक्त मूळबिंदूपासून आलेखावरच्या एखाद्या बिंदूपर्यंत रेषा काढली आणि तिचा चढ पाहिला.

आता सूत्र. x शून्य नसेल तर f′(x) = 2x sin(1/x) − cos(1/x). हे गुणाकाराच्या नियमाने आलं, आणि तो नियम दोन्ही अवयव त्या बिंदूवर डिफरन्शिएबल असले तरच वापरता येतो. sin(1/x) ला शून्यावर कोणतीही किंमत दिली तरी तो तिथे साधा कंटिन्युअससुद्धा होत नाही. त्यामुळे हे सूत्र शून्याबद्दल काहीच सांगत नाही. बरेच जण इथे घसरतात: सूत्रात शून्य घालता येत नाही, म्हणून डेरिव्हेटिव्ह नाही असं लिहून टाकतात. नियम लागू पडत नसेल तर डेफिनिशनकडे जायचं, आणि डेफिनिशनने उत्तर दिलेलंच आहे.

तरीही मनात खटकतंच की मूळबिंदूवर आलेख आडवा, आणि अगदी शेजारी मात्र चढ 1 आणि −1 मध्ये हेलकावे खातोय. यासाठी एकच लाट जवळून पाहू.

आलेख x-अक्षाला 1/(nπ) या बिंदूंवर छेदतो. n = 33 आणि n = 32 घेतले तर हे बिंदू साधारण 0.009646 आणि 0.009947 आहेत. त्यांच्यामध्ये एक उंचवटा आहे: x = 0.0098 च्या आसपास, उंची सुमारे 0.000096. डाव्या टोकाला f′ = −cos(33π) = 1, उजव्या टोकाला f′ = −cos(32π) = −1. म्हणजे आलेख 45 अंशांत चढतो, माथ्यावर आडवा होतो आणि 45 अंशांतच उतरतो. पण मूळबिंदूपासून त्या माथ्यापर्यंत रेषा काढली तर तिचा चढ 0.000096 भागिले 0.0098, म्हणजे जेमतेम 0.01.

आता शून्याच्या दहापट जवळ जा, x = 0.001 पाशी. लाटेची उंची साधारण x² असते, म्हणून ती शंभरपट कमी झाली. पण लाटेची रुंदीही शंभरपट कमी होते, कारण लागोपाठच्या छेदबिंदूंमधलं अंतर 1/(πn(n+1)) आहे आणि ते जवळपास πx² इतकं भरतं. उंची आणि रुंदी एकाच प्रमाणात आटली, म्हणजे लाटेचा आकार तोच राहिला, फक्त ती लहान झाली. म्हणून तिच्या बाजूंचा चढ 1 आणि −1 च राहतो. मूळबिंदूपासूनचं अंतर मात्र दहापटच कमी झालं, त्यामुळे तिथून काढलेल्या रेषेचा चढ 0.01 वरून 0.001 वर आला. f′(0) उंचीला मूळबिंदूपासूनच्या अंतराने भागतो, आणि जवळच्या बिंदूवरचा f′(x) उंचीची तुलना लाटेच्या रुंदीशी करतो. माझ्या मते या उदाहरणाचा सगळा जीव इथेच आहे.

जिओजेब्रात दोन्ही अक्ष −0.01 ते 0.01 ठेवून पाहा. आलेख अक्षाला चिकटलेली सरळ रेषा वाटेल, कारण त्याची उंची खिडकीच्या निम्म्या उंचीच्या एक टक्क्याच्या वर जातच नाही. आणि वरच्या लाटेवर दोन्ही अक्ष सारखेच मोठे केलेत तर 45 अंशांचे उतार स्पष्ट दिसतील.

यावर एक चांगला आक्षेप येतो. लाग्रांजच्या मध्यमूल्य प्रमेयाने f(h)/h = f′(c), आणि c हा 0 आणि h यांच्यामध्ये आहे. h शून्याकडे गेला की c ही जातो, मग f′(c) ची लिमिट f′(0) आली, म्हणजे f′ कंटिन्युअस झाला ना? नाही. प्रमेय आपल्याला हवा तो c घेऊ देत नाही, असा एखादा c आहे एवढंच सांगतो. इथे समीकरण h sin(1/h) = 2c sin(1/c) − cos(1/c) असं होतं. डावी बाजू आणि उजवीकडचं पहिलं पद शून्याकडे जातात, म्हणून cos(1/c) लाही शून्याकडे जावंच लागतं. म्हणजे प्रमेय ज्या c देतं त्या सगळ्या लाटांच्या माथ्याजवळ किंवा तळाजवळच्या असतात, जिथे चढ शून्याच्या आसपास आहे. 45 अंशांच्या बाजूंवरच्या c लहान h साठी त्यात येतच नाहीत. f′(x) ची लिमिट खरोखर असती, तर या निवडक c वरूनही तीच मिळाली असती आणि ती f′(0) इतकीच निघाली असती. म्हणून प्रमेयाचा हा उपयोग एकाच दिशेने चालतो: लिमिट असेल तर f′(0) तेवढाच, लिमिट नसेल तर f′(0) बद्दल काहीच कळत नाही.

कंटिन्युइटी तुटण्याची ही रीतही योगायोगाची नाही. दार्बूने 1875 मध्ये सिद्ध केलं की डेरिव्हेटिव्ह दोन किमतींमधली एकही किंमत गाळत नाही, मग तो कंटिन्युअस असो वा नसो. त्यामुळे एका किमतीवरून दुसरीवर सरळ उडी त्याला शक्यच नाही. |x| चा चढ −1 वरून 1 वर उडी मारतो, म्हणून शून्यावर त्याला डेरिव्हेटिव्हच नाही. आपल्या फंक्शनचा f′ मात्र शून्याच्या कितीही जवळ −1 ते 1 मधली प्रत्येक किंमत घेतो.

उंची आणि रुंदीचा हा हिशोब दुसरीकडेही करून पाहा. x³ sin(1/x) मध्ये उंची साधारण x³ आणि रुंदी πx², म्हणून चढ x बरोबर मावळतो आणि f′ शून्यावर कंटिन्युअस होतो. x² sin(1/x²) मध्ये उलट घडतं: रुंदी x³ च्या प्रमाणात आटते, उंची x² च राहते. f′(0) इथेही 0 च, पण x = 1/√(2πn) या बिंदूंवर चढ −2√(2πn) येतो. n = 100 ला तो सुमारे −50 आहे, आणि n वाढवत नेला की त्याला काही मर्यादाच राहत नाही.