‘करेक्टेड सोडियम’ला ‘दुरुस्त सोडियम’ म्हणावं का?

“वडिलांची शुगर वाढली म्हणून मिरजेला ॲडमिट केलंय. रिपोर्टवर शुगर ६४०, युरिया ४८, सोडियम १२६. शेजारी डॉक्टरांनी पेनानं ‘करेक्टेड १३५’ लिहिलंय. लॅबचा आकडा चुकला होता का? मराठीत ‘दुरुस्त सोडियम’ म्हणायचं का? बहीण नर्सिंगला आहे, ती ऑस्मोलॅलिटीही करेक्टेड धरूनच काढते.” (सांगली)

लॅबचं काही चुकलेलं नाही. या घटकेला रक्तात सोडियम १२६च आहे, म्हणून ‘दुरुस्त’ हा शब्द मला इथे चालणार नाही. मी ‘शुगर उतरल्यावरचं सोडियम’ म्हणेन. लांबलचक आहे, पण खरं आहे.

इन्सुलिन कमी पडलं की ग्लुकोज पेशींच्या बाहेर साचतं आणि पेशींतलं पाणी रक्तात ओढून घेतं. आमटीत वरून पाणी घातलं की मीठ तेवढंच असून ती अळणी लागते, तसं सोडियम पातळ होतं. शुगर १००च्या वर दर १००ला सोडियममध्ये १.६ मिळवायचे, हा १९७३ सालचा कॅट्झ यांचा हिशोब. इथे ५.४ गुणिले १.६ म्हणजे ८.६, १२६ अधिक ८.६ म्हणजे जवळपास १३५. १९९९मध्ये हिलियर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातून १.६ऐवजी २.४ सुचवले, त्यानं उत्तर १३९ येतं. एकाच रक्ताला दोन ‘दुरुस्त’ आकडे कसे असतील? दोन्ही अंदाजच आहेत. उपचारात शुगर उतरत असताना मोजलेलं सोडियम चढायला हवं. ते जागचं हललं नाही, तर पाणी जास्त होतंय का हे डॉक्टर बघतात.

बहिणीचं मात्र इथे चुकतंय. ऑस्मोलॅलिटी म्हणजे आत्ता रक्तात विरघळलेल्या कणांचा हिशोब. ग्लुकोज त्यात वेगळं धरलेलंच असतं, म्हणून सोडियम मोजलेलंच घ्यायचं: १२६ची दुप्पट २५२, ग्लुकोज ६४० भागिले १८ म्हणजे ३५.६, युरिया ४८ भागिले ६ म्हणजे ८. बेरीज सुमारे २९६. करेक्टेड धरलं तर ती ३१३च्या आसपास जाते.

समजा ऑस्मोमीटरवर, म्हणजे ऑस्मोलॅलिटी थेट मोजणाऱ्या यंत्रावर, ३०१ आले. हा मोजलेला आकडा आणि आपण हिशोबानं काढलेला आकडा यांतला फरक म्हणजे गॅप. खरा गॅप ५, म्हणजे काळजीचं कारण नाही. साधारण १०च्या वर गेला तर मिथेनॉलसारखं न मोजलेलं काही रक्तात आहे का, ते शोधतात. बहिणीच्या पद्धतीनं तोच गॅप उणे १२ येईल. एवढा उणे गॅप दिसला की आधी आपलं गणित तपासावं.

युरियाच्या भागाकाराकडेही तिला बघायला सांगा. परदेशी पुस्तकांत २.८नं भागतात, कारण तिकडे युरियातलं फक्त नायट्रोजन, म्हणजे बीयूएन, मोजतात. आपल्याकडच्या रिपोर्टवर बहुतेक ठिकाणी अख्खा ‘ब्लड युरिया’ असतो, त्याला ६. ४८ला २.८नं भागलं तर ८च्या जागी १७ येतात, आणि तेवढ्या ९नं खरोखर वाढलेला गॅपही झाकला जाऊ शकतो.