मेल असा लिहा की ‘रीस्टार्ट करून बघा’ हे उत्तर देताच येऊ नये

प्रश्न: ऑफिसचा लॅपटॉप डॉकला जोडलेला असतो आणि यूएसबी हेडसेटही डॉकलाच. व्हिडिओ मीटिंगमध्ये बोलता बोलता माझा आवाज समोरच्यांना जायचा बंद होतो, मला मात्र त्यांचं ऐकू येत राहतं. हेल्पडेस्कला मेल केला की ‘रीस्टार्ट करून बघा’ एवढंच उत्तर येतं. सगळं करून पाहिलंय. हे त्यांना मेलमध्ये कसं लिहू?

उत्तर:

मी अशाच एका हेल्पडेस्कवर बसते. आधी पहिल्या फळीत होते, आता दुसऱ्या फळीत आहे, म्हणून आतली बाजू सांगते.

तुमचा मेल आला की त्याचं तिकीट होतं आणि ते पहिल्या फळीतल्या कुणाच्या तरी रांगेत जाऊन पडतं. माइकच्या तक्रारीसाठी त्याच्यासमोर पायऱ्यांची ठरलेली यादी असते. त्या पायऱ्या झाल्याचं तिकिटात दिसलं नाही तर ते त्याला पुढे पाठवता येत नाही, आणि पाठवलंच तर आम्ही परत पाठवतो. ‘सगळं करून पाहिलं’ या वाक्याने त्याच्या यादीतली एकही ओळ खोडली जात नाही, म्हणून तो पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. पहिली ओळ रीस्टार्टचीच असते.

तेव्हा प्रत्येक गोष्टीबरोबर तिचा निकाल लिहा. ‘पोर्ट बदलून पाहिलं’ यातून मला काहीच कळत नाही. ‘डॉकऐवजी लॅपटॉपच्या पोर्टला थेट लावला, दिवसभर माइक गेला नाही’ असं लिहिलंत तर अर्धं निदान झालंच म्हणून समजा.

मेल लिहायच्या आधी मात्र एक काम आहे. पुढच्या वेळी माइक गेला की लगेच हेडसेट उपसू नका. सगळे नेमकं तेच करतात: वायर काढायची, परत लावायची, आवाज सुरू, मीटिंग पुढे. आणि पुरावा गेला. त्याऐवजी चॅटमध्ये ‘एक मिनिट’ टाका आणि कुणाला तरी विचारा, माझा आवाज पार गेलाय, की लांबून आल्यासारखा येतोय, की तुटक येतोय? हे स्वतःला कधीच कळत नाही, ऐकणाऱ्यालाच विचारावं लागतं.

तुटक येत असेल तर बहुतेक वेळा नेटवर्क असतं, आणि मग बहुधा तुम्हालाही इतरांचे आवाज तुटकच येतात. पार गेला असेल तर आधी हेडसेटच्या वायरवरचं म्यूटचं बटण बघा. ते दबलेलं असूनही काही हेडसेटवर पडद्यावरचा माइक चालू दिसतो. आणि विहिरीतून आल्यासारखा येत असेल तर मीटिंग तुमच्या हेडसेटच्या माइकवर नाहीच, दुसऱ्याच कुठल्या तरी माइकवर गेली आहे. डॉकवाल्यांच्या तक्रारींत हा तिसरा प्रकार मला फार दिसतो.

ते घडतं असं. डॉकच्या आत एक यूएसबी हब असतो. तो क्षणभर अडखळला की विंडोजच्या लेखी हेडसेट निघून गेला आणि लगेच परत आला. कान दिलात तर वायर काढल्यावर आणि लावल्यावर जे दोन ‘टुंग’ वाजतात, ते हात न लावता लागोपाठ ऐकू येतात. तेवढ्या वेळात मीटिंगचं अ‍ॅप उपलब्ध असलेला दुसरा माइक धरतं, म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा. हेडसेट परत आल्यावर कानातला आवाज परत येतो, पण माइक कधी कधी लॅपटॉपवरच राहतो. डॉकवर काम करताना आपण लॅपटॉप मिटून कडेला सारतो, त्यामुळे तो माइक झाकणाखाली. शिवाय अ‍ॅपची गोंगाट कमी करणारी सोय त्या पुसट आवाजालाही गोंगाट समजून दाबू शकते. मग तुम्हाला सगळं ऐकू येतं, म्यूटचं चिन्ह नाही, आणि समोरचे म्हणतात आवाज नाही.

हे पकडायचं कसं? तुमची मीटिंग टीम्सवर असेल तर माइक गेलेला असतानाच `Device settings` उघडा आणि माइकच्या जागी कुठलं नाव आहे ते बघा. हेडसेटचं नाव असायला हवं. तिथे `Microphone Array` असं काही दिसलं तर तो लॅपटॉपचा माइक. त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मग `Settings > System > Sound` मध्ये `Input` खाली हेडसेट यादीत आहे का आणि बोलल्यावर त्याची पट्टी हलते का ते बघा. पट्टी हलतेय पण मीटिंगमध्ये आवाज नाही, तर त्या क्षणी अडचण अ‍ॅपच्या बाजूला, पण त्याआधी ते दोन ‘टुंग’ वाजले असतील तर मूळ दोष डॉककडेही असू शकतो. हेडसेट यादीतच नाही किंवा पट्टी मेलेली, तर हेडसेट, वायर, पोर्ट किंवा डॉक.

यापैकी कोण, हे अदलाबदल करून ठरतं, पण एका वेळी एकच वस्तू बदला. तोच हेडसेट लॅपटॉपला थेट लावा. मग सहकाऱ्याचा चांगला चाललेला हेडसेट तुमच्या डॉकला लावा. मग तुमचा हेडसेट त्याच्या डॉकवर चालवून बघा. प्रत्येक वेळी तुमच्या नेहमीच्या मीटिंगइतका वेळ द्या. दोन मिनिटांची चाचणी इथे कुचकामी, कारण तुमचा दोष दोन मिनिटांत येतच नाही.

समजा तुमचा निकाल डॉककडे बोट दाखवणारा आला. मग मी मेल असा लिहीन (ऑफिसात इंग्रजी चालत असेल तर याच क्रमाने इंग्रजीत लिहा):

---

विषय: डॉकवर यूएसबी हेडसेटचा माइक मीटिंगच्या मध्येच सुटतो, लॅपटॉपला थेट लावल्यावर सुटत नाही

नमस्कार,

टीम्सच्या मीटिंगमध्ये सुरुवातीला माझा माइक नीट चालतो. साधारण पंधरा-वीस मिनिटांनी समोरच्यांना माझा आवाज फार लांबून येतो किंवा येतच नाही. मला त्यांचं व्यवस्थित ऐकू येतं. अ‍ॅपमध्ये आणि हेडसेटच्या वायरवर, दोन्हीकडे म्यूट बंद असतं.

शेवटचे दोन प्रसंग: मंगळवारी सकाळी ११:२० आणि गुरुवारी दुपारी ४:०५. दोन्ही वेळा विंडोजचा यूएसबी सुटल्याचा आवाज आला आणि टीम्समध्ये माइक आपोआप `Microphone Array` वर गेलेला दिसला. गुरुवारचा स्क्रीनशॉट जोडला आहे.

करून पाहिलेलं आणि त्याचा निकाल:

१. लॅपटॉप रीस्टार्ट (शटडाउन नव्हे), नंतर टीम्स बंद करून पुन्हा सुरू. पुढच्याच मीटिंगमध्ये माइक पुन्हा सुटला.
२. टीम्समध्ये माइक हाताने हेडसेटवर आणला. आवाज लगेच आला, नंतर पुन्हा सुटला.
३. डॉकचं दुसरं यूएसबी पोर्ट. फरक नाही.
४. सहकाऱ्याचा हेडसेट माझ्या डॉकला. तसाच सुटला.
५. माझा हेडसेट सहकाऱ्याच्या डॉकला, त्याच्या लॅपटॉपवर. पूर्ण मीटिंग चालला.
६. माझा हेडसेट माझ्या लॅपटॉपला थेट. दोन दिवस एकदाही सुटला नाही.

ड्रायव्हर आणि डॉकचं फर्मवेअर बदललेलं नाही, तेवढे अधिकार मला नाहीत.

लॅपटॉपचा अ‍ॅसेट टॅग: ____
डॉकचा अ‍ॅसेट टॅग: ____
हेडसेटचं मॉडेल: ____

रोज ११ ते १ ग्राहकांचे कॉल असतात. सध्या हेडसेट थेट लॅपटॉपला लावून काम भागवत आहे. कृपया डॉकचं फर्मवेअर तपासावं किंवा डॉक बदलून द्यावा. रिमोटवर बघायचं असल्यास दुपारी २ ते ४ मी उपलब्ध आहे.

आपली/आपला,
____

---

यात ‘सुरुवातीला माइक नीट चालतो’ हे वाक्य साधं दिसतं, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं तेच. परवानगी दिलेली नाही, ड्रायव्हर नाही, हेडसेट ओळखलाच जात नाही, या सगळ्या शक्यता ते एका फटक्यात बाद करतं, कारण तसं असतं तर पहिल्या मिनिटालाही आवाज समोर पोचला नसता. ते वाक्य नसलेल्या मेलवर आमच्याकडून हटकून ‘`Privacy & security` मध्ये माइकची परवानगी तपासा’ असं उत्तर जातं.

पहिल्या पायरीत ‘शटडाउन नव्हे’ असं मुद्दाम लिहिलंय. विंडोजमध्ये `Fast startup` चालू असेल तर शटडाउन करून पुन्हा चालू केल्यावर आतली प्रणाली पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, रीस्टार्टने होते. हे लिहिलंत की तो प्रश्न मिटला.

वेळा लिहिल्यात त्याही शोभेला नाहीत. टीम्स सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनला त्या वेळचा तुमचा कॉल उघडून कोणतं उपकरण वापरात होतं ते बघता येतं. ‘मधूनमधून होतं’ यावर कुणालाच काही शोधता येत नाही.

डॉकचा अ‍ॅसेट टॅग लोक हमखास विसरतात. लॅपटॉपचा दिला की विंडोजची आवृत्ती वगैरे आम्हाला इकडे दिसते, ती शोधत बसू नका. डॉकचं तसं नसतं. स्टिकर बहुधा पोटाखाली असतं, उलटा करून बघा.

विषयात ‘अर्जंट!!’ लिहून तिकीट वर सरकत नाही. कुणाचं कुठलं काम किती अडलंय, यावर प्राधान्य ठरतं. ग्राहकांच्या कॉलची ओळ त्यासाठी आहे. तात्पुरती सोय लपवूही नका. ती वाचून तिकीट थोडं मागे पडेल हे खरं, पण तपासताना तीच आमच्या सर्वात जास्त कामाला येते.

स्क्रीनशॉट पाठवण्याआधी त्यात मीटिंगमधले चेहरे, नावं, शेअर केलेला तक्ता येत नाही ना ते बघून कापा. तिकीट अनेक जण उघडतात.

आणि हा मेल आधीच्या तिकिटाच्या मेलवरच रिप्लाय म्हणून पाठवा, तिकीट बंद केलेलं असलं तरी. बऱ्याच ठिकाणी तिकिटाचा क्रमांक विषयात असतो आणि रिप्लाय त्याच तिकिटात जाऊन बसतो. काही ठिकाणी बंद तिकीट पुन्हा उघडतंही. तसं होत असेल तर वरचा विषय मेलच्या पहिल्या ओळीत टाका. नवा मेल केलात तर नवं तिकीट, नवा माणूस, आणि पुन्हा पहिली ओळ.

ब्लूटूथ हेडसेटला मात्र यातलं निम्मं लागू नाही. तिथे डॉकऐवजी आधी बघायचं ते हे की हेडसेट त्याच वेळी तुमच्या फोनलाही जोडलेला आहे का.